दुसऱ्या कॅप्सूलमध्ये काय होतं?

नागपूरच्या काही संशोधकांनी २००३ साली ‘फायटोमेडिसिन’ या नियतकालिकात एक छोटी चाचणी प्रसिद्ध केली. गुडघ्यांची झीज झालेले, म्हणजे डॉक्टर ज्याला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात ते दुखणं असलेले ३० रुग्ण त्यात होते. पंधरा जणांना आठ आठवडे सालईच्या डिंकाचा अर्क कॅप्सूलमधून दिला, उरलेल्या पंधरा जणांना तशीच दिसणारी औषधविरहित कॅप्सूल. मग मध्ये काही दिवस दोन्ही बंद ठेवून गटांची अदलाबदल केली आणि पुन्हा आठ आठवडे. कोणत्या बाटलीत काय आहे हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही, अशी व्यवस्था होती. निष्कर्ष असा की, औषध घेणाऱ्या सगळ्या रुग्णांचं दुखणं कमी झालं, गुडघा जास्त वाकू लागला, चालण्याचं अंतर वाढलं, सूज येण्याचं प्रमाण घटलं. एक्स-रेमध्ये मात्र काही फरक नव्हता.

वनौषधींच्या चाचण्यांचा एकत्र आढावा घेणाऱ्या माणसाच्या टेबलावर असे शोधनिबंध येऊन पडतात. आढाव्याचं काम म्हणजे एका प्रश्नावर जगभर झालेल्या चाचण्या शोधायच्या, प्रत्येकीवर किती भरवसा ठेवायचा ते ठरवायचं आणि शक्य असेल तिथे त्यांचे आकडे एकत्र करून एक उत्तर काढायचं. शोधणं कष्टाचं असलं तरी सरळ असतं, आणि बेरीज तर संगणक करतो. खरी डोकेफोड भरवसा ठरवताना होते, आणि वनौषधींच्या बाबतीत ती दोन कॅप्सूलांभोवती फिरते. औषधाच्या कॅप्सूलमध्ये नक्की काय होतं? आणि दुसऱ्या, औषध नसलेल्या कॅप्सूलमध्ये काय होतं?

सालईचंच उदाहरण पुढे नेतो, कारण हे झाड आपलं आहे. मेळघाटात आणि सातपुड्याच्या कोरड्या, खडकाळ उतारांवर ते वाढतं. आयुर्वेदात त्याला शल्लकी म्हणतात. खोडाची साल खरवडून जखम केली की सुवासिक, चिकट डिंक पाझरतो. तो गोळा करून बांबूच्या टोपलीत साधारण महिनाभर ठेवतात, म्हणजे त्यातला पातळ, तेलकट भाग निथळून जातो आणि घट्ट राळ उरते. मग ती वाळवून, फोडून, निवडून तिची प्रतवारी लागते. वरच्या प्रतीची स्वच्छ, पिवळसर खडी आणि सालीचे तुकडे अडकलेला काळपट माल यांत मोठा फरक असतो. झाडाचं वय, डिंक काढण्याचा हंगाम, टोपलीत किती दिवस निथळला, या सगळ्यांचा परिणाम त्या राळेच्या रसायनावर होतो. हाच माल धुपासाठी जातो आणि हाच औषधाच्या कारखान्यात.

कारखान्यात राळेतलं तेल आणि डिंकाचा भाग वेगळा काढून आम्लांचा अंश वाढवलेली भुकटी तयार होते. ही आम्लं म्हणजे बॉस्वेलिक आम्लं. त्यांतलं एक, ज्याला संशोधक थोडक्यात ‘एकेबीए’ म्हणतात, विशेष गाजलं. शरीरात दाह वाढवणारे काही पदार्थ तयार करणाऱ्या एका विकराला ही आम्लं अडवतात, असं जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या संशोधकांनी १९९२ साली दाखवलं, आणि त्यांत एकेबीए सर्वांत प्रभावी ठरलं. तेव्हापासून सालईच्या अर्काची प्रत एकेबीएच्या टक्केवारीवर सांगण्याची प्रथा पडली.

इथे आढावा घेणाऱ्याला थांबावं लागतं. अर्काच्या बाटलीवर ‘६५ टक्के बॉस्वेलिक आम्लं’ असं लिहिलेलं असतं. हा आकडा कसा काढला, हे विचारायलाच हवं. बऱ्याचदा तो साध्या अनुमापनाने, म्हणजे टायट्रेशनने काढलेला असतो. शाळेच्या प्रयोगशाळेत ब्युरेटमधून थेंब थेंब अल्कली सोडून आम्ल मोजायचो, तीच पद्धत. ती स्वस्त आहे, झटपट आहे, पण तिला आम्ल तेवढं कळतं. ते आम्ल कुठलं, हे तिला कळत नाही. समजा, कुणी सालईच्या राळेत चिडाच्या झाडाची स्वस्त राळ मिसळली. तीही मुख्यतः आम्लांचीच बनलेली असते, त्यामुळे भेसळीचा माल या परीक्षेत आरामात उत्तीर्ण होईल. प्रत्येक आम्ल वेगळं करून मोजायचं तर एचपीएलसी नावाचं यंत्र लागतं. त्याच भुकटीचा एचपीएलसीने आलेला आकडा टायट्रेशनच्या आकड्यापेक्षा बराच खाली येऊ शकतो. म्हणजे दोन चाचण्यांत दोन्हीकडे ‘६५ टक्के’ लिहिलेलं असलं तरी आतला माल एकच असेल असं नाही.

याचा हिशोब मांडून पाहू. नागपूरच्या चाचणीत ३३३ मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून तीनदा दिली होती, म्हणजे रोज साधारण एक ग्रॅम अर्क. नंतरच्या काही चाचण्यांत वेगळा, एकेबीए ३० टक्क्यांपर्यंत वाढवलेला अर्क वापरला. त्याची मात्रा रोज फक्त १०० मिलिग्रॅम, म्हणजे पोटात जाणारं एकेबीए ३० मिलिग्रॅम. साध्या अर्कात समजा ते ३ टक्के असेल, तर एक ग्रॅममधूनही ३० मिलिग्रॅमच मिळेल आणि दोन्ही मात्रा जुळतील. पण ते १ टक्का असेल तर १० मिलिग्रॅम, आणि ६ टक्के असेल तर ६०. अर्कातलं एकेबीए ज्या शोधनिबंधात मोजून दिलेलं नाही, तिथे रुग्णाने दहा घेतलं की साठ, हे सांगायला मार्गच नाही. अशा चाचणीत औषध हरलं तर औषध निकामी होतं की मात्रा अपुरी होती, हे कळत नाही. जिंकलं, तरी तेच औषध पुन्हा बनवायचं कसं, हे कळत नाही.

त्यात जेवणाची भर पडते. बॉस्वेलिक आम्लं पाण्यात विरघळत नाहीत. निरोगी स्वयंसेवकांवर झालेल्या एका अभ्यासात, उपाशीपोटी घेतल्यापेक्षा भरपूर स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणासोबत घेतल्यावर रक्तातलं त्यांचं प्रमाण कितीतरी पटींनी वाढलं. म्हणून ‘जेवणानंतर’ एवढ्या सूचनेने भागत नाही. त्या जेवणात तेल-तूप किती होतं, हाही मात्रेचाच भाग होतो.

एकेबीए मोजून दिलं म्हणजे सगळं साधलं, असंही मी म्हणणार नाही. राळेत शेकडो द्रव्यं असतात आणि इतर बॉस्वेलिक आम्लंही दाहाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर काम करतात, असं प्रयोगशाळेतल्या अभ्यासांत दिसलं आहे. एकेबीए ही माल ओळखण्याची आणि मोजण्याची सोयीची खूण आहे. गुण त्याच एका द्रव्यामुळे येतो, असं त्यावरून ठरत नाही. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. एकेबीए दहापट वाढवलेला अर्क ही ग्रंथांतली शल्लकी उरत नाही. त्याच्या चाचणीतलं यश जुन्या राळेच्या नावावर जमा करणं चूक आहे, तसंच साध्या राळेचं अपयश त्या अर्काच्या माथी मारणंही. आढाव्यात दोघांना वेगवेगळ्या रकान्यांत ठेवायला हवं.

या गोष्टी शोधनिबंधात लिहिलेल्याच नसतात, ही जुनी तक्रार आहे. अमेरिकेतल्या काही संशोधकांनी २००५ साली वनौषधींच्या ८१ प्रसिद्ध चाचण्या तपासल्या. औषधात खरोखर काय आहे हे स्वतः मोजल्याचं त्यांतल्या फक्त बारा चाचण्यांनी सांगितलं होतं. अपेक्षित प्रमाण आणि प्रत्यक्ष प्रमाण यांची तुलना करता येईल इतकी माहिती केवळ तिघींनी दिली होती. पुढच्याच वर्षी वनौषधींच्या चाचण्या कशा लिहाव्यात याचे वेगळे नियम प्रसिद्ध झाले. वनस्पतीचं शास्त्रीय नाव, कोणता भाग वापरला, अर्क कशात काढला, किती राळेपासून किती अर्क मिळाला, कोणती तपासणी केली, नमुना कुठे जपून ठेवला, हे सगळं लिहावं असं त्यांत आहे. आढावा घेताना हीच यादी हातात धरून शोधनिबंध वाचतात.

आता दुसरी कॅप्सूल.

गुडघ्याचं दुखणं मोजायचं कोणतंही यंत्र नाही. रुग्णाला शंभर मिलिमीटरची एक रेघ दाखवतात. एका टोकाला ‘अजिबात दुखत नाही’, दुसऱ्या टोकाला ‘असह्य’, आणि आज तुमचं दुखणं यात कुठे आहे त्यावर खूण करायला सांगतात. म्हणजे मोजमाप सगळं रुग्णाच्या मनावर. त्यातच सांधेदुखी कमी-जास्त होत राहते आणि माणूस चाचणीत दाखल होतो तो बहुधा दुखणं फार वाढलेलं असताना, त्यामुळे काहीही न करता ते थोडं उतरणारच असतं. त्यावर औषध चालू झाल्याचा दिलासा, दर महिन्याला विचारपूस करणारे डॉक्टर आणि आयुर्वेदावरची श्रद्धा. हे सगळं मिळून किती भरतं, ते पुण्यात झालेल्या एका चाचणीने दाखवलं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत आमवाताच्या, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या १८२ रुग्णांना सोळा आठवडे वनस्पतींचं एक मिश्रण किंवा औषधविरहित गोळी दिली. ठरलेल्या निकषानुसार औषधाच्या गटातले ३९ टक्के रुग्ण सुधारले. नुसती गोळी घेणाऱ्यांतले ३० टक्के. रक्तातल्या एका घटकाचा अपवाद सोडला तर औषधाची आघाडी नुसती आकड्यांची आहे, ती निर्विवाद नाही, असं संशोधकांनी स्वतःच लिहिलं. तो प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. तुलनेचा गट नसता, तर ‘दहातले चार रुग्ण सुधारले’ अशी बातमी झाली असती.

तेव्हा औषधविरहित कॅप्सूल हवीच, आणि ती ओळखू येता कामा नये. गोळ्यांच्या कारखान्यात बनणाऱ्या पांढऱ्या, बिनवासाच्या औषधासाठी हे सोपं असतं. सालईसाठी नसतं. बाटलीचं झाकण उघडलं की धुपासारखा वास येतो. कॅप्सूल गिळल्यावर कधी कधी तोच वास ढेकरेतून परत येतो. दुसऱ्या बाटलीत स्टार्च भरलेली, वास नसलेली कॅप्सूल असेल, तर देव्हाऱ्यात ऊद-धूप जाळणाऱ्या घरातल्या रुग्णाला फरक कळायला वेळ लागणार नाही.

उपाय करतात, पण प्रत्येकात काहीतरी अडचण असते. जाड, रंगीत कॅप्सूल वापरून रंग लपवता येतो, वास पूर्ण लपत नाही. दुसऱ्या बाटलीत त्याच राळेचं निथळलेलं तेल थोडं शिंपडलं की वास जुळतो, पण त्या तेलातही काही गुण असेल तर आपण औषधाची तुलना थोड्याशा औषधाशीच करत बसतो आणि खरा फरक कमी दिसतो. काही वनौषधींच्या चाचण्यांत मूळ औषधाचाच अगदी छोटा अंश घालतात. तिथेही हाच धोका. काढ्यांच्या बाबतीत तर कडू-तुरट चव, रंग आणि गाळ हे तिन्ही जुळवावे लागतात. पूड जळक्या साखरेने रंगवतात, कडूपणासाठी निरुपद्रवी कडू द्रव्य घालतात, तरीही औषधाशी घरोबा असलेल्या माणसाच्या जिभेला ते फसवतीलच असं नाही.

चाचणी सुरू होण्यापूर्वी याची परीक्षा घेता येते. चाचणीशी संबंध नसलेली वीसेक माणसं बोलवायची. प्रत्येकासमोर तीन बाटल्या ठेवायच्या, दोन एकसारख्या आणि एक वेगळी, आणि वेगळी कोणती ते वास घेऊन, कॅप्सूल हातात धरून ओळखायला सांगायचं. नुसत्या नशिबावर तिघांतला एक बरोबर ओळखेल. वीसपैकी पंधरा जणांनी ओळखली, तर ती कॅप्सूल परत कारखान्यात पाठवायची. हे करायला एक दुपार पुरते. तरीही शोधनिबंधांत असं काही केल्याचा उल्लेख मला क्वचितच सापडतो.

दुसरी परीक्षा रुग्णांकडूनच होते. तुम्हाला औषध मिळालं की नुसती कॅप्सूल, असं त्यांना विचारायचं. निम्म्यांच्या आसपास उत्तरं बरोबर आली तर झाकण नीट बसलं होतं. मात्र हे कधी विचारलं, याला महत्त्व आहे. चाचणी संपताना विचारलं तर बरं वाटलेला रुग्ण साहजिकच ‘मला औषध होतं’ असं म्हणतो, आणि त्याने वासावरून ओळखलं की गुणावरून, हे वेगळं करता येत नाही. पहिल्याच आठवड्यात, गुण यायच्या आधी विचारलं तर वासाचा संशय वेगळा पकडता येतो.

नागपूरच्या चाचणीकडे या नजरेने पाहू. गटांची अदलाबदल करण्याच्या पद्धतीत एक मोठा फायदा आहे. प्रत्येक रुग्णाची तुलना त्याच्याच दुसऱ्या काळाशी होते, म्हणून ३० माणसांत काम भागतं. पण याच पद्धतीत प्रत्येक रुग्णाच्या हातात आयुष्यात एकदा तरी दोन्ही बाटल्या येतात. एकच बाटली पाहिलेला माणूस वासावरून अंदाज बांधू शकत नाही. दोन्ही पाहिलेला बांधू शकतो. दुसऱ्या कॅप्सूलचा वास जुळवला होता का, हे निबंधाच्या सारांशातून कळत नाही. ‘सगळ्या’ रुग्णांना गुण आला, या विधानापाशीही मी थबकतो. गुडघेदुखीत रोजची वेदनाशामकंही सगळ्यांना लागू पडत नाहीत, काही जण कोरडेच राहतात. गुण खरा असू शकतो. पण इतकं शंभर टक्के यश दिसलं की झाकण सैल होतं का, हे आधी तपासावं लागतं.

दुसरा प्रश्न अदलाबदलीच्या मधल्या सुट्टीचा, आणि तो मला जास्त रोचक वाटतो. ती सुट्टी तीन आठवड्यांची होती. तेवढ्यात पहिल्या औषधाचा प्रभाव पूर्ण ओसरेल, हे त्यामागचं गृहीतक. पुढे २००७ साली नागपूरच्याच संशोधकांनी सालईच्या अर्काची तुलना व्हॅल्डेकॉक्सिब या वेदनाशामकाशी केली. ६६ रुग्ण, सहा महिने. त्यात वेदनाशामकाचा गुण लवकर दिसला पण औषध थांबताच गेला. सालईचा गुण यायला दोन महिने लागले आणि औषध बंद केल्यावरही तो महिनाभर टिकला. हे खरं असेल तर २००३ ची तीन आठवड्यांची सुट्टी अपुरी ठरते. आधी औषध घेतलेले पंधरा जण दुसऱ्या टप्प्यात नुसती कॅप्सूल घेताना अजूनही आधीच्या औषधावरच चालत असणार, आणि त्यामुळे दोन्ही काळांतला फरक पुसट व्हायला हवा. तो पुसट न होता ठळक दिसत असेल, तर एकतर गुण इतका टिकाऊ नाही किंवा रुग्णांना कॅप्सूल बदलल्याचं कळलं होतं. २००७ ची चाचणी मात्र उघड होती, कोण काय घेतंय हे सगळ्यांना ठाऊक होतं. महिनाभर टिकलेला गुण हा त्या माहितीचाही परिणाम असू शकतो. एकेका निबंधावर विसंबून यातून सुटका होत नाही.

या कोंडीत आढावा घेणारे एक ठरलेली वाट धरतात. अदलाबदल झालेल्या चाचणीतले फक्त पहिल्या आठ आठवड्यांचे आकडे घ्यायचे. तेव्हा कुणी दोन्ही बाटल्या पाहिलेल्या नसतात आणि मागचा प्रभावही नसतो. पण मग १५ विरुद्ध १५ एवढीच माणसं उरतात, आणि तेही निबंधात पहिल्या टप्प्याचे आकडे वेगळे दिलेले असतील तरच.

कॉक्रेन या संस्थेच्या २०१४ सालच्या आढाव्यात झिजेच्या संधिवातावरच्या पोटात घ्यायच्या वनौषधींच्या ४९ चाचण्या तपासल्या होत्या. त्यात सालईचे वेगवेगळे अर्क वेगवेगळे ठेवले, ही त्यांची चांगली गोष्ट. एकेबीए वाढवलेल्या अर्काच्या रोज १०० मिलिग्रॅमच्या मात्रेसाठी दोन चाचण्या एकत्र करता आल्या, मिळून रुग्ण ८५. शंभराच्या रेघेवर नुसत्या कॅप्सूलच्या गटाचं दुखणं सरासरी ४० वर होतं, अर्काच्या गटाचं त्याहून १७ गुणांनी कमी. खरा फरक ८ ते २६ यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो, असा त्याचा अर्थ. १७ गुण कमी झाले तर जिना चढताना कळतं. ८ गुण कमी झाले तर कदाचित कळणारही नाही. त्या अर्काच्या चाचण्यांना निर्मात्यांचं पाठबळ होतं, त्यामुळे त्यांच्याशी संबंध नसलेल्या कुणीतरी, अधिक रुग्णांवर ही चाचणी पुन्हा करायला हवी, असं मला वाटतं. सालईबद्दल आढावाकर्त्यांचा शब्दही जपूनच होता: फायद्याकडे कल दिसतो, पुढे अभ्यास करण्याजोगा आहे.

आज कुणी हा आढावा नव्याने करायला बसला, तर त्याचं पहिलं काम पत्र लिहिण्याचं असेल. जुन्या चाचण्यांच्या लेखकांना तीन गोष्टी विचारायच्या: अर्काच्या त्या खेपेचा एचपीएलसीचा अहवाल, दुसऱ्या कॅप्सूलमध्ये काय भरलं होतं, आणि पहिल्या आठ आठवड्यांचे प्रत्येक रुग्णाचे आकडे. वीस वर्षांनी वह्या सापडतातच असं नाही, खेपेचा नमुना तर त्याहून दुर्मीळ. उत्तर आलं नाही तर तो निबंध आढाव्यात राहतो, त्याचं वर्णन येतं, भरवशाच्या रकान्यात ‘अस्पष्ट’ अशी नोंद होते, आणि त्याचे आकडे बेरजेत धरले जात नाहीत.